बॅटरी व्यवस्थापन प्रणाली (विद्युत मोटारगाडी)

बॅटरी व्यवस्थापन प्रणाली, संक्षेपाने बीएमएस, ही विजेवर चालणाऱ्या मोटारगाडीच्या बॅटरी संचातील घटांवर सतत लक्ष ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा होय. प्रत्येक घटाचे किंवा समांतर जोडलेल्या घटांच्या प्रत्येक गटाचे विभवांतर, संचातील निवडक ठिकाणांचे तापमान आणि संपूर्ण संचातून वाहणारी विद्युतधारा या तीन राशी ती मोजते. या मोजमापांवरून संचात किती प्रभार शिल्लक आहे, संच किती जुना झाला आहे आणि त्या क्षणी त्यातून किती शक्ती सुरक्षितपणे घेता किंवा त्यात भरता येईल, याचे अनुमान ती बांधते. घटांमधील प्रभाराचा फरक कमी करणे, म्हणजेच समतोलन, हे तिचे दुसरे महत्त्वाचे काम आहे. समतोलनाने घटांतील प्रभाराचा फरक भरून निघतो, पण घटांच्या क्षमतेतील फरक भरून निघत नाही. संच जुना होताना गाडीचा पल्ला का घटतो, हे या भेदावरून समजते.

## संचाची रचना

लिथियम-आयन घटाचे, म्हणजेच सेलचे, विभवांतर त्याच्या रासायनिक घडणीनुसार साधारण ३.२ ते ३.७ व्होल्ट असते. मोटारगाडीची मोटर चालवण्यासाठी मात्र काहीशे व्होल्ट लागतात. म्हणून अनेक घट एकसर जोडणीत, एकापुढे एक, जोडले जातात. पुरेशी क्षमता मिळवण्यासाठी मोठे घट वापरतात किंवा अनेक लहान घट समांतर जोडून त्यांचा एक गट करतात आणि असे गट एकसर जोडतात.

टेस्ला कंपनीच्या २०१२ साली बाजारात आलेल्या मॉडेल एस या गाडीच्या ८५ किलोवॅट-तास संचात ७,१०४ दंडगोलाकार घट होते. त्यांतील ७४ घट समांतर जोडून एक गट केलेला असे आणि असे ९६ गट एकसर जोडलेले असत. प्रत्येक गटाचे विभवांतर पूर्ण प्रभारित अवस्थेत ४.२ व्होल्ट धरले, तर ९६ गटांचे मिळून सुमारे ४०३ व्होल्ट होतात. निस्सान लीफच्या पहिल्या पिढीतील २४ किलोवॅट-तास संचात मोठ्या आकाराचे १९२ चपटे घट होते. तेथे दोन घटांचा एक समांतर गट होता, पण एकसर गटांची संख्या ९६ हीच होती. घटांची संख्या कितीही असली तरी बीएमएसला स्वतंत्रपणे दिसतात ते एकसर जोडलेले गट. वरील दोन्ही गाड्यांमध्ये तिला ९६ विभवांतरे मोजावी लागतात.

एकसर जोडणीत सर्व गटांतून एकच विद्युतधारा वाहते. एखाद्या गटात प्रभार कमी असला म्हणून त्याच्यातून कमी धारा जात नाही. त्यामुळे गाडी चालत असताना जो गट सर्वांत आधी रिकामा होतो, तो संपूर्ण संच थांबवतो, आणि चार्जिंग चालू असताना जो गट सर्वांत आधी भरतो, तो चार्जिंग थांबवतो. उरलेल्या ९५ गटांची स्थिती कितीही चांगली असली तरी संचाची वापरता येण्याजोगी क्षमता या दोन टोकांच्या गटांवरच ठरते. फक्त संचाचे एकूण विभवांतर मोजून ही स्थिती कळत नाही. एकूण ३५० व्होल्टच्या मोजमापात एका गटाची अर्ध्या व्होल्टची घसरण लपून जाते, पण त्या गटासाठी ती घातक ठरू शकते.

## देखरेख

### विभवांतर

निकेल, मँगनीज व कोबाल्टयुक्त घटांसाठी वरची मर्यादा साधारणपणे ४.२ व्होल्ट, तर खालची मर्यादा २.५ ते ३ व्होल्टच्या दरम्यान असते. वरची मर्यादा ओलांडली, तर ऋण इलेक्ट्रोडच्या ग्रॅफाइटमध्ये सामावून न घेता आलेले लिथियम त्याच्या पृष्ठभागावर धातुरूपात साचू लागते. शिवाय धन इलेक्ट्रोडची संरचना अस्थिर होऊन उष्णता आणि ऑक्सिजन बाहेर पडू शकतो. खालची मर्यादा खूपच ओलांडली, तर ऋण इलेक्ट्रोडचा तांब्याचा पत्रा विरघळू लागतो. असा घट पुन्हा चार्ज केला असता विरघळलेले तांबे दुसरीकडे साचून घटाच्या आत लघुपरिपथ, म्हणजे शॉर्ट सर्किट, होण्याची शक्यता निर्माण होते. म्हणून अतिशय खोलवर रिकामा झालेला घट परत भरण्याची परवानगी बीएमएस सहसा देत नाही.

विभवांतर मोजण्यासाठी प्रत्येक दोन शेजारी गटांच्या सांध्यातून एक बारीक तार काढून ती मापन-चकतीला, म्हणजे एका विशेष इलेक्ट्रॉनिक चिपला, जोडतात. अशी एक चकती साधारण १२ ते १८ गट सांभाळते. अनेक चकत्या साखळीने जोडून त्यांची माहिती मुख्य नियंत्रकाकडे पाठवली जाते. या चकत्या वेगवेगळ्या उच्च विभवांवर असल्यामुळे त्यांच्यातील संदेशवहन विद्युतदृष्ट्या विलग ठेवावे लागते. मोजमापाची अचूकता काही मिलिव्होल्टपर्यंत असावी लागते.

### तापमान

तापमान मोजण्यासाठी संचात थर्मिस्टर बसवतात. तापमान वाढले की त्यांचा रोध कमी होतो आणि त्यावरून अंश सेल्सिअस ठरवता येतात. खर्च आणि तारांची गुंतागुंत यांमुळे प्रत्येक घटाला थर्मिस्टर लावत नाहीत. प्रत्येक मॉड्युलमध्ये मोजक्या ठिकाणी ते असतात. ही ठिकाणे निवडताना संचातील सर्वांत गरम आणि सर्वांत थंड जागा कोणत्या असतील याचा अभ्यास आधी केलेला असतो.

तापमानाच्या दोन्ही टोकांना धोका असतो, पण त्याचे स्वरूप वेगळे असते. शून्य अंश सेल्सिअसच्या खाली लिथियमचे आयन ग्रॅफाइटमध्ये पुरेशा वेगाने शिरू शकत नाहीत. अशा वेळी जोरात चार्जिंग केले तर लिथियम पृष्ठभागावर साचते. म्हणून थंडीत बीएमएस चार्जिंगची धारा कमी करते किंवा संच गरम होईपर्यंत चार्जिंग रोखून धरते. उष्णतेच्या बाजूला, साधारण ८० ते १२० अंशांच्या दरम्यान ऋण इलेक्ट्रोडवरील संरक्षक थर विघटित होऊ लागतो आणि त्यातून आणखी उष्णता निर्माण होते. ही उष्णता बाहेर जाण्यापेक्षा वेगाने वाढू लागली, तर अनियंत्रित तापवाढ सुरू होते. हा टप्पा गाठल्यावर धारा तोडूनही प्रक्रिया थांबत नाही, कारण उष्णता घटाच्या आतील रासायनिक अभिक्रियांतून येत असते. त्यामुळे बीएमएसचे खरे काम त्याच्या बरेच आधी असते: तापमान वाढू लागताच शीतकरण सुरू करणे, शक्तीवर मर्यादा घालणे आणि गरज पडल्यास संपर्कक, म्हणजे संचाला गाडीपासून तोडणारे मोठे विद्युत-कळ, उघडणे.

### विद्युतधारा

सर्व गट एकसर असल्यामुळे धारा एकाच ठिकाणी मोजली तरी चालते. त्यासाठी अत्यंत कमी रोधाची धातुपट्टी किंवा चुंबकीय क्षेत्रावरून धारा ओळखणारा हॉल संवेदक वापरतात. १०० मायक्रोओहम रोधाच्या पट्टीतून २०० अँपिअर धारा गेली, तर तिच्या दोन टोकांत केवळ २० मिलिव्होल्ट विभवांतर निर्माण होते. एवढ्या लहान राशीवरून शेकडो अँपिअर मोजायचे असल्याने शून्याजवळची लहान चूकही पुढे महाग पडते.

## प्रभारस्थितीचे अनुमान

गाडीच्या फलकावर दिसणारी टक्केवारी ही कोणत्याही संवेदकाने थेट मोजलेली राशी नसते. ती अनुमानित असते. संचातून किती प्रभार गेला आणि किती आला, याची बेरीज-वजाबाकी सतत करत राहणे ही पहिली पद्धत होय. ती अल्प काळासाठी अचूक असते, परंतु मोजमापातील लहानशी कायमची चूक तीत साठत जाते. धारामापकात ०.०५ अँपिअरची चूक असेल, तर ६० तासांच्या वापरात ३ अँपिअर-तासांची तफावत पडते. १५० अँपिअर-तास क्षमतेच्या संचात ही तफावत दोन टक्के होते.

दुसरी पद्धत विश्रांत विभवांतराची आहे. गाडी काही तास उभी राहून घट शांत झाला की त्याचे विभवांतर आणि त्यातील प्रभार यांत निश्चित संबंध असतो. या नोंदीने बेरीज-वजाबाकीतील चूक दुरुस्त करता येते. गाडी चालू असताना मात्र हा संबंध थेट वापरता येत नाही. समजा, एका गटाचा अंतर्गत रोध १ मिलिओहम आहे. १५० अँपिअर धारा घेतली की त्याचे विभवांतर ०.१५ व्होल्टने खाली जाते. शेजारच्या गटाचा रोध १.३ मिलिओहम असेल, तर तो ०.१९५ व्होल्टने खाली जातो. दोन्ही गटांत प्रभार अगदी सारखा असूनही त्यांच्यात ४५ मिलिव्होल्टचा फरक दिसतो आणि तो प्रभारातील पाच टक्क्यांच्या आसपासच्या फरकासारखा भासू शकतो. समतोलनाचे निर्णय भाराखाली न घेता विश्रांतीत किंवा चार्जिंगच्या अखेरच्या, कमी धारेच्या टप्प्यात घेतले जातात, त्याचे हे कारण आहे.

दोन्ही पद्धतींची सांगड घालण्यासाठी घटाचे गणिती प्रारूप आणि काल्मन गाळक ही संख्यात्मक रीत वापरली जाते. अमेरिकी अभियंता ग्रेगरी प्लेट यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधांनंतर या क्षेत्रात ही रीत विशेष रूढ झाली. तिचे सार असे की प्रत्येक क्षणी प्रारूपाने वर्तवलेले विभवांतर आणि प्रत्यक्ष मोजलेले विभवांतर यांची तुलना केली जाते आणि दोहोंच्या विश्वासार्हतेनुसार अनुमान थोडे थोडे सुधारले जाते.

लिथियम आयर्न फॉस्फेट घटांत हे काम अधिक अवघड होते. या घटांचे विभवांतर मधल्या मोठ्या टप्प्यात ३.३ व्होल्टच्या आसपास जवळजवळ सपाट राहते. प्रभार निम्म्याहून अधिक बदलला तरी विभवांतरात फरक पडतो तो काही दशक मिलिव्होल्टचा. त्यामुळे अशा संचाची खरी स्थिती पूर्ण चार्जिंगच्या टोकाजवळ, जेथे वक्ररेषा झपाट्याने वर चढते, तेथेच स्पष्ट होते. असे घट वापरणारे काही उत्पादक गाडी ठराविक काळाने शंभर टक्के चार्ज करण्यास सांगतात, ते बीएमएसला हा संदर्भबिंदू मिळावा म्हणून.

## असमतोल कसा निर्माण होतो

कारखान्यातून निघताना एका संचातील घट शक्य तितके सारखे निवडलेले असतात, तरीही ते कालांतराने एकमेकांपासून दूर जातात. प्रत्येक घट वापर नसतानाही आपला थोडा प्रभार आपोआप गमावतो आणि हा वेग सर्वांचा सारखा नसतो. संचाच्या मध्यभागी असलेले घट कडेच्या घटांपेक्षा गरम राहिले तर त्यांचा स्वयंविसर्जनाचा वेग आणि जुने होण्याचा वेग दोन्ही वाढतात. मापन-चकत्या स्वतः चालण्यासाठी ज्या गटांतून वीज घेतात, त्यांच्या वापरातील फरकही यात भर घालतो.

या फरकांचे आकडे लहान असतात, पण ते दिशा न बदलता साठत जातात. एखादा गट इतरांपेक्षा केवळ ५ मिलिअँपिअर जास्त गमावत असेल, तर दिवसाला ०.१२ आणि तीस दिवसांत ३.६ अँपिअर-तासांचा फरक पडतो. १५० अँपिअर-तासांच्या संचात एका महिन्यात हा फरक २.४ टक्के होतो. चार्जिंग किंवा वापर यांमुळे तो आपोआप भरून निघत नाही, कारण एकसर साखळीतील प्रत्येक गटाला चार्जिंगमध्ये सारखाच प्रभार मिळतो.

## निष्क्रिय समतोलन

बहुतेक विद्युत मोटारगाड्यांमध्ये निष्क्रिय समतोलन वापरले जाते. प्रत्येक गटाला समांतर एक रोध आणि एक इलेक्ट्रॉनिक कळ असते. ज्या गटात प्रभार जास्त आहे त्याची कळ बंद करून परिपथ पूर्ण केला जातो आणि जास्तीचा प्रभार रोधातून उष्णतेच्या रूपात घालवला जातो. मागे पडलेल्या गटात काही भरले जात नाही. पुढे गेलेल्या गटांना त्याच्या पातळीवर आणले जाते आणि मग पुढच्या चार्जिंगमध्ये सर्व गट एकत्र वर जातात.

हे एका उदाहरणाने पाहता येते. एका संचात १५० अँपिअर-तास क्षमतेचे ९६ गट आहेत आणि पूर्ण चार्जिंगवर गाडीचा पल्ला ३५० किलोमीटर आहे असे समजू. सर्व गटांची क्षमता सारखी आहे, पण ४१ व्या गटातील प्रभार इतरांपेक्षा ३ अँपिअर-तासांनी, म्हणजे दोन टक्क्यांनी, कमी आहे. चार्जिंग सुरू केल्यावर इतर ९५ गट ४.२ व्होल्टला पोचतात आणि बीएमएस चार्जिंग थांबवते. त्या वेळी ४१ वा गट ९८ टक्क्यांवर असतो. गाडी चालवत गेल्यावर १४७ अँपिअर-तास खर्च होताच ४१ वा गट रिकामा होतो आणि संच थांबतो. इतर प्रत्येक गटात ३ अँपिअर-तास शिल्लक असूनही ते वापरता येत नाहीत. पल्ला सुमारे ७ किलोमीटरने कमी होतो.

आता समतोलन सुरू होते. प्रत्येक गटाचा समतोलन-रोध ४० ओहमचा आहे आणि विभवांतर ४ व्होल्टच्या आसपास आहे असे मानू.

```
I = V / R = 4.0 / 40 = 0.1 A
P = V × I = 4.0 × 0.1 = 0.4 W
t = 3 Ah / 0.1 A = 30 h
```

मागे पडलेला गट एकच असल्यामुळे उरलेल्या सर्व ९५ गटांच्या कळा बंद कराव्या लागतात. प्रत्येक रोधात ०.४ वॅट, म्हणजे एकूण ३८ वॅट उष्णता तयार होते आणि हे काम ३० तास चालते. त्यात सुमारे १.१ किलोवॅट-तास ऊर्जा वाया जाते. उलट, एकच गट इतरांपेक्षा ३ अँपिअर-तासांनी पुढे असता, तर फक्त एक कळ बंद करावी लागली असती. वेळ तोच लागला असता, पण वाया गेलेली ऊर्जा नगण्य असती. ही ऊर्जा त्या फरकापुरती एकदाच खर्च होते, मिळालेला पल्ला मात्र पुढच्या प्रत्येक फेरीत उपयोगी पडतो.

तीस तास सलग समतोलन करायला बीएमएसला सहसा मिळत नाहीत. ती अनेकदा चार्जिंगच्या अखेरीस आणि त्यानंतर काही वेळच जागी असते. रोज रात्री तीन तास मिळाले, तर वरील फरक दूर होण्यास दहा रात्री लागतील. धारा वाढवून हा काळ कमी करता येतो, परंतु मग उष्णता वाढते आणि ती मापन-चकतीच्या अगदी जवळ तयार होत असल्यामुळे मोजमापाची अचूकता बिघडते. अनेक रचनांमध्ये समतोलन आणि मोजमाप आळीपाळीने केले जाते, कारण समतोलन चालू असताना बारीक तारांतून वाहणारी धारा त्या तारांवर थोडे विभवांतर खर्च करते आणि गट आहे त्यापेक्षा कमी भरलेला दिसतो.

## क्षमतेतील फरक आणि समतोलनाची सीमा

वरच्या उदाहरणात ४१ व्या गटाची क्षमता इतरांइतकीच होती, फक्त त्यात प्रभार कमी होता. आता दुसरी स्थिती घेऊ. सर्व गट वरच्या टोकाला अचूक समतोल आहेत, पण ४१ वा गट जास्त गरम जागी राहिल्याने झिजला असून त्याची क्षमता १५० ऐवजी १३५ अँपिअर-तास उरली आहे.

गाडी चालू केल्यावर सर्व ९६ गट शंभर टक्क्यांवरून एकत्र निघतात. १३५ अँपिअर-तास खर्च झाल्यावर ४१ वा गट रिकामा होतो. इतर गटांत प्रत्येकी १५ अँपिअर-तास, म्हणजे दहा टक्के, शिल्लक असतात. पल्ला ३५० वरून ३१५ किलोमीटरवर येतो. निष्क्रिय समतोलन कितीही काळ चालवले तरी यात सुधारणा होत नाही, कारण वरच्या टोकाला दूर करण्यासारखा फरक नाहीच. खालच्या टोकाला समतोल साधायचा ठरवला, तर सर्व गट एकत्र रिकामे होतील, पण मग चार्जिंग करताना ४१ वा गट सर्वांच्या आधी भरेल. वापरता येणारी क्षमता दोन्ही प्रकारे १३५ अँपिअर-तासच राहते.

हा फरक बीएमएसला ओळखता येतो. दोन विश्रांत नोंदींमध्ये त्या गटाची स्थिती ८० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि त्या दरम्यान संचातून ८१ अँपिअर-तास गेले, तर गटाची क्षमता ८१ भागिले ०.६, म्हणजे १३५ अँपिअर-तास येते. त्याच प्रवासात इतर गट ८० टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आलेले असतात. ८१ भागिले ०.५४ म्हणजे १५० अँपिअर-तास, अशी त्यांची क्षमता मिळते.

हा तोटा भरून काढू शकते ते सक्रिय समतोलन. त्यात संधारित्र, प्रेरक कुंडल किंवा लहान रोहित्र यांच्या साहाय्याने जास्त भरलेल्या गटांतील प्रभार कमी भरलेल्या गटाकडे नेला जातो. आदर्श स्थितीत वरील संचाची क्षमता सर्व गटांच्या सरासरीपर्यंत, म्हणजे सुमारे १४९.८ अँपिअर-तासांपर्यंत, नेता येईल. मात्र त्यासाठी पाच तासांच्या प्रवासात ४१ व्या गटाला जवळपास १५ अँपिअर-तास बाहेरून पुरवावे लागतील, म्हणजे सतत ३ अँपिअर. निष्क्रिय समतोलनाच्या ०.१ अँपिअरच्या तुलनेत हे तीसपट आहे. कोणता गट पुढे झिजेल हे आधी माहीत नसल्याने अशी सोय सर्व ९६ गटांसाठी करावी लागते. खर्च, वजन आणि बिघडू शकणाऱ्या भागांची वाढती संख्या यांमुळे मोटारगाड्यांत ही पद्धत कमी आढळते. तेथे घट सारखे निवडण्यावर आणि संचाचे तापमान सर्वत्र सारखे राखण्यावर अधिक भर दिला जातो.

## दोषांची लक्षणे

विभवांतराचा फरक दिसला म्हणजे प्रभाराचाच असमतोल आहे, असे नसते. वेगवेगळे दोष वेगवेगळ्या वेळी डोके वर काढतात, आणि म्हणून फरक केव्हा दिसतो हे पाहणे महत्त्वाचे ठरते.

* प्रभाराचा असमतोल: गट विश्रांतीत, भाराखाली आणि चार्जिंगमध्ये, सगळीकडे एकाच बाजूला राहतो. समतोलनाने फरक कमी होत जातो आणि पुन्हा लवकर उद्भवत नाही.
* कमी झालेली क्षमता: वरच्या टोकाला गट इतरांबरोबर असतो, परंतु संच रिकामा होत आला की झपाट्याने खाली जातो. चार्जिंग सुरू झाल्यावर तोच गट सर्वांत वेगाने वर चढतो.
* वाढलेला अंतर्गत रोध: वेग वाढवताना गट खाली जातो, चार्जिंगमध्ये वर जातो आणि विश्रांतीत इतरांच्या बरोबरीला येतो. गटांना जोडणारा सांधा सैल झाल्यासही असेच दिसू शकते.
* मापनाच्या तारेतील दोष: शेजारचे दोन गट एकाच वेळी विरुद्ध दिशांना सरकतात. एक जितका जास्त दिसतो तितकाच दुसरा कमी दिसतो आणि दोघांची बेरीज बरोबर असते. दोन गटांमधील तार सामाईक असल्याने असे होते. घट स्वतः निर्दोष असतात.
* आतील गळती: समतोलन पूर्ण झाल्यावर काही दिवसांतच तोच गट पुन्हा मागे पडतो.

शेवटचे लक्षण सर्वांत गंभीर असू शकते आणि समतोलनामुळेच ते झाकले जाण्याची शक्यता असते. ५ मिलिअँपिअरची जादा गळती झाकण्यासाठी इतर गटांचे दररोज १.२ तास समतोलन पुरेसे होते. गाडी चालवणाऱ्याला काहीच जाणवत नाही आणि गटांची विभवांतरेही सारखी दिसतात. म्हणून चांगली बीएमएस केवळ फरक मिटवत नाही, तर कोणत्या गटासाठी किती तास समतोलन करावे लागले याची नोंदही ठेवते. हा आकडा एका गटाबाबत महिन्यागणिक वाढत असेल, तर घटाच्या आत सूक्ष्म लघुपरिपथ तयार होत असल्याचा तो आरंभीचा संकेत असू शकतो.

## मर्यादा

समांतर गटातील एकेक घट बीएमएसला दिसत नाही. ७४ घटांच्या गटात एक घट बिघडला, तर उरलेले ७३ घट गटाचे विभवांतर सावरून धरतात. उलट एका घटात लघुपरिपथ झाला, तर शेजारचे घट आपला प्रभार त्याच्यात ओततात. मॉडेल एसच्या संचात प्रत्येक घटाला बारीक वितळतार जोडलेली होती, ती अशा घटाला गटापासून तोडण्यासाठी. बीएमएसला जे दिसत नाही त्याची काळजी येथे यांत्रिक रचनेने घेतली आहे. तापमानाच्या बाबतीतही असेच घडते. थर्मिस्टरपासून दूर असलेला घट तापला, तर उष्णता तेथपर्यंत पोचण्यास वेळ लागतो.

निर्मितीतील दोषांसमोर देखरेख कशी अपुरी पडू शकते हे शेवरोले बोल्ट या गाडीच्या प्रकरणात दिसून आले. आगीच्या घटनांनंतर जनरल मोटर्सने ऑगस्ट २०२१ पर्यंत या प्रकारच्या सर्व गाड्या परत बोलावल्या. एलजी समूहाने बनवलेल्या काही घटांत ऋण इलेक्ट्रोडची फाटलेली पट्टी आणि दुमडलेला विभाजक हे दोन दोष एकाच घटात एकत्र आल्यास आगीचा धोका वाढतो, असे कंपनीने जाहीर केले. संच बदलून मिळेपर्यंत मालकांना चार्जिंग ९० टक्क्यांपर्यंतच करण्याचा, पल्ला सुमारे ११३ किलोमीटरच्या खाली जाऊ न देण्याचा आणि गाडी मोकळ्या जागेत उभी करण्याचा सल्ला देण्यात आला. दोन्ही टोके टाळण्याचा हा सल्ला घटावरील ताण कमी करणारा होता. पुढे काही गाड्यांसाठी संच सरसकट बदलण्याऐवजी नवे निदान-सॉफ्टवेअर देण्यात आले. ते सुमारे १०,००० किलोमीटरपर्यंत चार्जिंग ८० टक्क्यांवर मर्यादित ठेवून घटांच्या वर्तनातील विसंगती शोधत असे आणि काही न आढळल्यास मर्यादा काढून टाकत असे.

## नियम आणि चाचण्या

भारतात चारचाकी विद्युत वाहनांच्या संचासाठी एआयएस-०३८ आणि दुचाकी व तत्सम हलक्या वाहनांसाठी एआयएस-१५६ ही मानके लागू आहेत. २०२२ मध्ये विजेवर चालणाऱ्या दुचाकींना आगी लागण्याच्या घटना घडल्यानंतर दोन्ही मानकांतील सुरक्षाविषयक तरतुदी कडक करण्यात आल्या आणि बीएमएसविषयीच्या अपेक्षांचा त्यांत समावेश झाला. या मानकांनुसार चाचण्या करणाऱ्या संस्थांमध्ये पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे.

अशा चाचण्यांत संच मुद्दाम मर्यादेबाहेर नेण्याचा प्रयत्न केला जातो. चार्जिंग चालूच ठेवले असता, संच रिकामा करत राहिले असता किंवा शीतकरण बंद करून तो तापवला असता बीएमएस स्वतःहून धारा तोडते किंवा मर्यादित करते का, हे पाहिले जाते. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक १०० च्या तिसऱ्या सुधारणामालिकेत आणखी एक अपेक्षा आहे. एका घटात अनियंत्रित तापवाढ सुरू झाल्यास तिच्यामुळे प्रवासी कक्षात धोकादायक स्थिती निर्माण होण्याच्या किमान पाच मिनिटे आधी गाडीने इशारा दिला पाहिजे. तापवाढ सुरू झाल्यावर ती थांबवणे बीएमएसच्या हाती राहत नसल्याने, प्रवाशांना गाडीबाहेर पडण्यास वेळ मिळवून देणे हे तिचे शेवटचे काम ठरते.